एबीएस असलेल्या गाडीत कुठलं ब्रेक ऑइल? डॉट ४, डॉट ५ आणि डॉट ५.१ चा घोळ

माझ्या एका मित्राने नवीन गाडी घेतली आणि वर्षभराने बॉनेटखालची कामं स्वतः करायची असं ठरवलं. ब्रेक ऑइलची पातळी थोडी खाली गेली होती. टाकीच्या झाकणावर डॉट ४ असं स्पष्ट छापलेलं होतं, पण दुकानातून तो डॉट ५ ची बाटली घेऊन आला. त्याचा हिशोब सरळ होता: चारपेक्षा पाच मोठं, म्हणजे पाच जास्त चांगलं. पेट्रोलच्या ऑक्टेनपासून मोबाइलच्या मॉडेलपर्यंत सगळीकडे असंच असतं, मग इथे का नसावं? त्याने जवळपास अर्धा कप ऑइल टाकीत ओतलं आणि रंग जांभळा दिसला म्हणून मला फोन केला.

त्या फोनवर मी त्याला पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "पेडलला पाय लावू नकोस, आणि चावीही फिरवू नकोस." असं का सांगितलं, पुढे काय केलं आणि मुळात झाकणावरचा आकडा कसा वाचायचा, ते सगळं या लेखात सांगतो. पहिल्यांदाच ब्रेक ऑइल विकत घ्यायला निघालेल्या माणसासाठी हा लेख आहे. गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर यातलं प्रत्येक पाऊल तुमच्या कामाचं आहे.

आधी हे ऑइल करतं काय

आपण त्याला ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नाही. तुम्ही पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि नळ्यांमधल्या द्रवावर दाब येतो. तो दाब चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. द्रव दाबला जात नाही, त्याचं आकारमान कमी होत नाही, यावरच हा सगळा कारभार चालतो. नळीत द्रवाऐवजी वायूचा एक बुडबुडा जरी आला, तरी पायाचा जोर आधी तो बुडबुडा चेपण्यात खर्च होतो. पेडल मऊ लागतं, खोल जातं, आणि गाडी मात्र थांबत नाही.

बुडबुडे दोन वाटांनी येतात. एक म्हणजे बाहेरून हवा शिरते. दुसरी वाट जास्त फसवी आहे, कारण तिथे द्रव जागच्या जागी उकळतो. लांब उतारावर सतत ब्रेक लावत उतरताना पॅड आणि डिस्क प्रचंड तापतात, ती उष्णता पिस्टनमधून मागच्या द्रवात उतरते, आणि उत्कलनबिंदू गाठला की कॅलिपरमध्येच वाफ तयार होते. म्हणूनच ब्रेक ऑइलच्या दर्जाचं पहिलं माप म्हणजे ते किती तापमानाला उकळतं.

डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१: एकाच घरातली भावंडं

डॉट ही अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. त्या खात्याच्या मानकात प्रत्येक दर्जासाठी किमान दोन उत्कलनबिंदू ठरलेले आहेत. एक कोरडा, म्हणजे सीलबंद बाटलीतल्या ताज्या ऑइलचा. दुसरा ओला, म्हणजे त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शोषलं गेल्यानंतरचा. डॉट ३ चे हे आकडे २०५ आणि १४० अंश सेल्सिअस आहेत, डॉट ४ चे २३० आणि १५५, आणि डॉट ५.१ चे २६० आणि १८०.

ओल्या आकड्याकडे जरा थांबून बघा. डॉट ४ मध्ये चार टक्क्यांहून कमी पाणी गेलं तरी हमीचा आकडा पंचाहत्तर अंशांनी घसरतो. हे पाणी येतं कुठून? वरचे तिन्ही दर्जे ग्लायकॉल नावाच्या रसायनाच्या कुळातले आहेत, आणि ग्लायकॉलला पाण्याची ओढ असते. टाकीच्या झाकणाला असलेल्या श्वासछिद्रातून आणि मुख्य म्हणजे चाकाजवळच्या रबरी नळ्यांच्या भिंतींमधून हवेतली वाफ हळूहळू आत झिरपते आणि ऑइलमध्ये विरघळते. गाडी चालवा किंवा उभी ठेवा, हे चालूच राहतं. म्हणून ग्लायकॉल ऑइल ठरावीक मुदतीत बदलावं लागतं. बहुतेक कंपन्या दोन वर्षांच्या आसपासची मुदत देतात. तुमच्या गाडीची नेमकी मुदत तिच्या पुस्तिकेत असते आणि तीच पाळायची.

पाणी विरघळतं हा मात्र दोष आहे तसाच गुणही आहे. विरघळलेलं पाणी सगळ्या ऑइलमध्ये पसरतं, एका जागी साचत नाही. सिलिकॉनकडे वळलो की याचं महत्त्व कळेल.

ही तीन भावंडं एकमेकांत मिसळतात. डॉट ४ च्या गाडीत डॉट ५.१ गेलं तर काही बिघडत नाही. उलट दिशेने मात्र जायचं नाही: झाकण डॉट ४ मागत असेल तर डॉट ३ टाकायचं नाही, कारण ते लवकर उकळतं.

डॉट ५: नाव त्याच रांगेतलं, कूळ वेगळं

डॉट ५ म्हणजे सिलिकॉन. मानकाप्रमाणे त्यात वजनाने किमान सत्तर टक्के सिलिकॉनचं संयुग असावं लागतं. ते ओळखू यावं म्हणून त्याला जांभळा रंग देतात. ग्लायकॉलवाली सगळी ऑइलं बिनरंगापासून मधाच्या रंगापर्यंत असतात. डॉट ५.१ हे नाव वाचून ते डॉट ५ चं सुधारित रूप वाटतं, पण ते पूर्णपणे ग्लायकॉल कुळातलं आहे. उकळण्याचे आकडे डॉट ५ इतकेच, म्हणून त्याला पाचाचा आकडा मिळाला. नवख्या माणसाला फसवायला यापेक्षा मोठा सापळा नसेल, आणि तो बाटलीवरच छापलेला आहे.

सिलिकॉन पाणी शोषत नाही. ऐकायला हे फार छान वाटतं. शिवाय ते सांडलं तर गाडीचा रंग खात नाही. ग्लायकॉल मात्र पत्र्यावर पडून राहिलं तर रंगाचे पोपडे काढतं. म्हणूनच वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या लष्करी वाहनांत आणि प्रदर्शनासाठी जपलेल्या जुन्या मोटारींत सिलिकॉन वापरलं गेलं. तिथे ते योग्यही आहे, पण त्यासाठी सगळी व्यवस्था आधी उघडून, साफ करून, रबरं नवी घालून मगच ते भरायचं असतं.

अडचण अशी की पाणी शोषलं जात नाही म्हणून ते आत येतच नाही, असं नाही. जे थोडंफार येतं ते विरघळायला जागा नसल्यामुळे थेंब होऊन राहतं, आणि पाणी सिलिकॉनपेक्षा जड असल्याने सगळ्यात खालच्या जागी जाऊन बसतं. ब्रेकच्या नळ्यांमध्ये ती खालची जागा म्हणजे बहुधा कॅलिपर, जो सगळ्यात जास्त तापतो. बाटलीवर २६० अंश लिहिलेलं असलं तरी तो पाण्याचा थेंब १०० अंशांच्या आसपासच उकळायला लागतो. थंड प्रदेशात तो गोठतो, आणि जिथे बसतो तिथला धातू एकाच जागी गंजत राहतो.

एबीएसला सिलिकॉन का चालत नाही

एबीएस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आलं ते १९७८ साली, बॉशने तयार केलेली यंत्रणा मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये बसवली तेव्हा. तत्त्व आजही तेच आहे. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारा सेन्सर असतो. एखादं चाक आवळलं जाऊन घसरायला लागलं की संगणक त्या चाकाच्या वाटेवरचे छोटे विद्युत व्हॉल्व्ह उघडमीट करतो. आत येणारी वाट बंद होते, बाहेर जाणारी क्षणभर उघडते, दाब उतरतो, चाक पुन्हा फिरू लागतं, मग दाब परत वाढवला जातो. हे एका सेकंदात अनेकदा होतं. पेडलखाली जी थरथर आणि करकर जाणवते ती याचीच. बाहेर सोडलेला द्रव एका छोट्या साठवण कप्प्यात जातो आणि तिथून एक पंप त्याला मास्टर सिलिंडरकडे परत ढकलतो.

आता या जागी सिलिकॉन आहे असं समजा. सिलिकॉनमध्ये हवा ग्लायकॉलपेक्षा जास्त विरघळते, आणि शिरलेले बारीक बुडबुडे सहज वर येऊन सुटत नाहीत. बाटली हलवून ओतली तरी त्यात फेस राहतो. साध्या ब्रेकमध्ये त्यामुळे पेडल जरा मऊ लागतं, एवढंच. पण एबीएसच्या युनिटमध्ये तोच द्रव केसासारख्या अरुंद वाटांतून झटक्याझटक्याने ढकलला जातो आणि पंपात घुसळला जातो. तिथे फेस होण्याची भीती खरी आहे. फेस म्हणजे हवा, आणि हवा चेपली जाते. संगणकाने दाब सोडला किंवा वाढवला, तरी चाकापर्यंत पोहोचणारा दाब त्याच्या हिशोबाप्रमाणे बदलत नाही. ज्या क्षणी एबीएसची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच क्षणी ही गडबड होते.

म्हणून एबीएस असलेल्या गाडीचा निर्णय मी एका वाक्यात देतो: सिलिकॉन नको, ग्लायकॉलच, आणि त्यातही झाकणावर लिहिलेला दर्जा.

आता ग्लायकॉलच्या आतली एक बारीक गोष्ट, जी एबीएसवाल्या गाडीला उत्कलनबिंदूइतकीच लागू आहे. ती म्हणजे ऑइलचा घट्टपणा. अरुंद वाटांतून द्रव पटकन सरकायचा तर तो थंडीतही पातळ राहायला हवा. मानक हा घट्टपणा उणे ४० अंशांना मोजतं. डॉट ४ ला तिथे १८०० पर्यंत मुभा आहे, डॉट ५.१ ला फक्त ९००. एककाच्या भानगडीत पडायची गरज नाही, आकडा जितका लहान तितकं ऑइल पातळ. ज्या गाड्यांना ईएसपी, म्हणजे घसरण सावरणारी यंत्रणा आहे, त्यांत पंप तुमचा पाय पेडलवर नसतानाही स्वतः दाब तयार करतो. त्याला द्रव चटकन ओढता यावा म्हणून अशा अनेक गाड्यांच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत डॉट ४ एलव्ही, म्हणजे कमी घट्टपणाचं डॉट ४, असं लिहिलेलं असतं, किंवा आयएसओ ४९२५ क्लास ६ असं. क्लास ६ साठी तीच मर्यादा ७५० आहे. तुमची गाडी एलव्ही मागत असेल तर साध्या डॉट ४ वर तिचे ब्रेक लागतील, पण कडक थंडीत ईएसपीची प्रतिक्रिया मंदावते. एलव्ही मागितलं असेल तर एलव्हीच घ्या.

शर्यतीच्या डॉट ४ चाही मोह होतो, कारण त्याचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्याही वर असतो. पण ते सहसा थंडीत घट्ट असतं आणि वारंवार बदलायचं म्हणून बनवलेलं असतं. रोजच्या एबीएस गाडीला त्याचा काही उपयोग नाही.

बाटली निवडण्याची पावलं

पहिलं पाऊल झाकणाचं. इंजिन बंद आणि थंड असताना बॉनेट उघडा. चालकाच्या बाजूला, मागच्या भिंतीजवळ, अर्धपारदर्शक प्लास्टिकची छोटी टाकी दिसेल. झाकण उघडण्याआधी त्यावरची अक्षरं वाचा आणि भोवतालची धूळ कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून घ्या. मग पुस्तिकेतला दर्जा पडताळून बघा. झाकण बदललेलं असू शकतं, पुस्तिका बदलत नाही.

दुसरं पाऊल पातळीचं, आणि इथे घाईने ओतू नका. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकून राहतात आणि त्यांच्या मागे जास्त द्रव लागतो, म्हणून टाकीतली पातळी हळूहळू उतरते. ते साहजिक आहे. आज वरपर्यंत भरलं आणि उद्या नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले, तर तेच ऑइल वर उसळून रंगावर सांडतं. पातळी किमान खुणेच्या वर असेल आणि पॅड झिजले असतील, तर आधी पॅड. पातळी अचानक उतरली असेल तर चाकांच्या आतल्या बाजूला आणि नळ्यांच्या जोडांवर ओल शोधा. गळती असेल तर वरून ऑइल ओतून तिचं काही बरं होत नाही. एक आठवण: अनेक हाताच्या गिअरच्या गाड्यांत क्लचही याच टाकीतून द्रव घेतो, म्हणून गळती तिथेही असू शकते.

तिसरं पाऊल आत आधीपासून काय आहे ते ओळखण्याचं. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे जरूर करा. सिलिकॉनचा जांभळा रंग काळानुसार फिका पडतो, म्हणून केवळ रंगावर विसंबू नका. स्वच्छ सिरिंजने थोडं ऑइल काचेच्या लहान बाटलीत घ्या आणि त्यात पाण्याचे दोन-चार थेंब टाकून हलवा. ग्लायकॉल असेल तर पाणी त्यात दिसेनासं होतं. सिलिकॉन असेल तर थेंब मण्यांसारखे वेगळे राहतात आणि तळाशी जाऊन बसतात.

चौथं पाऊल खरेदीचं. लहान आणि सीलबंद बाटली घ्या, झाकणाखालचा पापुद्रा शाबूत आहे ना ते बघा. बाटलीवर सिलिकॉन हा शब्द शोधा. तो दिसला तर परत ठेवा. ५ आणि ५.१ मधला तो टिंब डोळे भरून बघा. घरात पडलेली अर्धी उघडी बाटली वापरू नका, तिने आतापर्यंत हवेतलं पाणी पिऊन ठेवलेलं असतं. पूर्ण बदलायचं असेल तर साधारण एका मोटारीला एक लिटर पुरतं.

मित्राच्या गाडीचं पुढे काय झालं

मी पोहोचलो तेव्हा त्याने पेडल दाबलेलं नव्हतं, हे त्याचं नशीब. दाबलं असतं तर सिलिकॉन मास्टर सिलिंडरमधून नळ्यांत गेलं असतं. चावी यासाठी फिरवायची नव्हती की अनेक गाड्यांत सुरुवातीलाच एबीएसचं युनिट स्वतःची तपासणी करतं आणि काहींत पंप क्षणभर चालतो.

टाकीत टॉर्च मारून बघितलं. वर जांभळा थर, खाली चहासारखं तांबूस जुनं ऑइल, आणि मध्ये सायीसारखी धुरकट रेघ. सिलिकॉन ग्लायकॉलपेक्षा हलकं असल्याने ते वर तरंगत होतं, आणि या एका गोष्टीने आम्हाला वाचवलं. सिरिंजला पातळ नळी लावून, टोक पृष्ठभागाच्या जरा खाली धरून, वरचा थर हळूहळू ओढून घेतला. ओढलेलं सगळं काचेच्या बरणीत जमा केलं. बरणी अर्धा तास न हलवता ठेवली, तेव्हा पुन्हा दोन थर वेगळे झाले. त्याला ती बरणी हातात दिली. मी दहा वाक्यांत जे समजावलं नसतं ते त्याला त्या रेघेत दिसलं.

पण थर ओढून काम संपत नाही. टाकीच्या आत कप्पे असतात, जाळी असते, आणि सिलिकॉन प्लास्टिकला चिकटून राहतं. म्हणून खालचं ऑइलही जेवढं निघालं तेवढं काढलं, फक्त मास्टर सिलिंडरची भोकं उघडी पडणार नाहीत एवढं तळाला ठेवलं. भिंती फडक्याने पुसल्या. ताजं डॉट ४ घातलं, ते परत ओढून टाकलं, असं तीन वेळा केलं. तिसऱ्या खेपेला ओढलेल्या ऑइलवर जांभळी झाक किंवा तरंगणारे डोळे दिसले नाहीत, तेव्हाच पुढे गेलो. मग चारही चाकांतून पूर्ण ऑइल बदललं आणि प्रत्येक चाकाचं निघालेलं ऑइल वेगळ्या बाटलीत धरून त्यात थर पडतो का ते पाहिलं. एकातही पडला नाही.

त्याने पेडल दाबून गाडी चालवली असती, तर मी हे घरी केलंच नसतं. दोन्ही द्रव एबीएसच्या युनिटमध्ये शिरले की आतला जुना द्रव साध्या पद्धतीने पुरता निघत नाही. मग नळ्या धुणं, रबरं बदलणं आणि कधी युनिटच बदलणं, हे वर्कशॉपचं काम आहे. अशी गाडी चालवत तिथवर नेऊ नका, उचलून न्या.

ऑइल बदलण्याची पावलं

ही पद्धत साध्या व्हॅक्यूम बूस्टरच्या, म्हणजे इंजिनच्या निर्वातावर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या, गाडीसाठी आहे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत, जिथे ब्रेकचा दाब विजेवर तयार होतो, तिथे ती अजिबात वापरू नका. तिथली यंत्रणा दार उघडलं तरी जागी होऊन दाब तयार करू शकते, आणि ऑइल बदलायला गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवरून ती आधी झोपवावी लागते.

दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, चाकांना उटी, आणि उचललेली बाजू जॅकवर नव्हे तर स्टँडवर. इंजिन बंद. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून नवं घाला म्हणजे ते सगळं जुनं पुन्हा नळ्यांतून फिरवावं लागणार नाही. पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने एकेक चाक घ्या. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची हा जुना नियम सगळ्याच गाड्यांना लागू पडत नाही, कारण आज अनेक गाड्यांच्या ब्रेकचे दोन भाग कोपऱ्या-कोपऱ्याने तिरके विभागलेले असतात.

कॅलिपरच्या मागच्या बाजूला रबरी टोपी घातलेली छोटी ब्लीड निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर सोडायची तोटी, असते. टोपी काढा, आधी रिंग पाना घाला आणि मग पारदर्शक नळी बसवा. नळीचं दुसरं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडालेलं असू दे. आत बसलेला माणूस पेडल हळू दाबून "दाबलं" म्हणतो. तुम्ही निपल पाव फेरा सैल करता, नळीतून ऑइल धावतं, पेडल खाली जातं. निपल आवळल्यावर तुम्ही "सोड" म्हणायचं, त्याआधी त्याने पाय उचलायचा नाही. निपल उघडी असताना पाय सुटला तर हवा आत ओढली जाते. निपल आवळताना जोर लावू नका, ती पोकळ असते आणि सहज तुटते.

पेडल पार फरशीपर्यंत दाबू देऊ नका. जुन्या मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन रोज जात नाही तिथे गंज आणि मळ साचलेला असतो, आणि त्यावरून रबर फिरलं की ते फाटतं. पेडलखाली लाकडाचा एक तुकडा ठेवला की झालं. दर चार-पाच दाबांनंतर टाकी बघा. ती किमान खुणेच्या खाली गेली तर हवा शिरेल, आणि एबीएसच्या गाडीत ती हवा युनिटपर्यंत पोहोचली तर घरच्या घरी काढता येत नाही.

नळीतला रंग गडद चहावरून हलक्या मधाचा झाला आणि बुडबुडे थांबले, की पुढचं चाक. युनिटचे आत येणाऱ्या वाटेचे व्हॉल्व्ह एरवी उघडेच असतात, म्हणून नवं ऑइल त्यांतून आपोआप जातं. बाहेर सोडण्याच्या वाटेचे व्हॉल्व्ह मात्र बंद असतात, आणि त्यांच्या पलीकडच्या कप्प्यातलं थोडं जुनं ऑइल तसंच राहतं. वेळच्या वेळी बदललेल्या गाडीत तेवढं चालतं. युनिट बदललं असेल किंवा त्यात हवा गेली असेल तर स्कॅनरने व्हॉल्व्ह आणि पंप चालवून ब्लीडिंग, म्हणजे हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढणं, करावं लागतं.

नीट झालं की नाही हे कसं कळतं

इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, ते उंचावर आणि घट्ट लागायला हवं. मग पाय दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली सरकेल, तो बूस्टरचा परिणाम, घाबरू नका. आता एक मिनिट दाबून धरा. पेडल सावकाश खाली बसत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलं आहे. दोन-तीनदा पटापट दाबल्यावर पेडल वर येत असेल तर आत हवा आहे. डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा सुरुवातीला लागून विझायला हवा. मग मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने, पहिला ब्रेक.

रंगावरून ऑइलचं आयुष्य मोजू नका. स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असतं. पेनसारखे परीक्षक ऑइलची विद्युतवाहकता मोजून पाण्याचा अंदाज करतात, आणि ती ऑइलच्या प्रकाराप्रमाणे बदलते, म्हणून त्यांचा हिरवा दिवा हा पुरावा नाही. नमुना खरोखर उकळून तापमान दाखवणारं यंत्र वर्कशॉपमध्ये असतं, त्यावर विश्वास ठेवता येतो. कागदी पट्टी ऑइलमध्ये उतरलेलं तांबं दाखवते, म्हणजे गंजरोधक संपत आलं आहे हे सांगते. पाण्याबद्दल ती काही बोलत नाही.

काम करताना रंगावर ऑइल सांडलं तर चोळून पुसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. ग्लायकॉल पाण्यात विरघळतं, त्याचा इथे फायदा होतो. जुनं ऑइल इंजिन ऑइलच्या डब्यात ओतू नका, मातीत किंवा गटारात तर नाहीच. वेगळ्या बाटलीत चिठ्ठी लावून गॅरेजला द्या. आणि ब्रेक ऑइलसाठी इंजिन ऑइलचं नरसाळं वापरू नका. खनिज तेलाचा थोडासा अंशही ब्रेकच्या रबरांना फुगवतो. टाकीच्या झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं दिसलं, तर तेल आत गेल्याची ती पहिली खूण असते, आणि तिथे ऑइल बदलून भागत नाही, रबरंही बदलावी लागतात.